स्विचओव्हरनंतर टोटल एकाने जास्त का?

प्रश्न: कंट्रोललॉजिक्सची रिडंडंट जोडी आहे. स्विचओव्हर नीट झाला, पण दर सेकंदाच्या टास्कमधला फ्लो-टोटल एक लिटर जास्त दिसला. का?

उत्तर: प्रायमरी बदललेले टॅग ओळीओळीला नाही, प्रोग्राम संपला की पाठवतो. तो मध्येच पडला तर सेकंडरी तोच प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवतो. टॅग जुनेच असल्याने हिशेब जुळतो.

घात होतो तो वरच्या प्रायॉरिटीचा टास्क मध्ये घुसला की. तो संपताना होणाऱ्या सिंकबरोबर तुमच्या अर्धवट प्रोग्रामचा 41 चा झालेला 42 पलीकडे जातो. आता प्रायमरी पडला, तर `ADD` पुन्हा चालून 43 होतात.

टोटल सर्वांत वरच्या प्रायॉरिटीच्या टास्कमध्ये हलवा, तिथे मध्ये कोणी घुसत नाही. आउटपुटही झटक्याविना राहण्याची हमी त्याच टास्कपुरती असते.