आधी छोटं कर्ज की महागडं?

"क्रेडिट कार्डाचे ६० हजार, पतपेढीचे २४ हजार आणि मोबाइलचे दोन-दोन हजारांचे चार हप्ते बाकी आहेत. सगळ्यांचं भरून महिन्याला सहा हजार उरतात. ते आधी कुठे घालू?"

भांडुपच्या या ताईंनी पतपेढीचं पासबुक आणि कार्डाचं स्टेटमेंट माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्या बहिणीने स्नोबॉल सुचवला होता, म्हणजे सगळ्यात लहान कर्ज आधी. ऑफिसातल्या सहकाऱ्याने अ‍ॅव्हलांच, म्हणजे सगळ्यात जास्त व्याजाचं आधी.

मी त्यांना स्टेटमेंटमधली व्याजाची ओळ वाचायला लावली. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,४७८. ताई दर महिन्याला तीन हजार 'मिनिमम' भरत होत्या. मुद्दल कमी होत होतं जेमतेम ५२२ रुपयांनी! पतपेढीचं व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला २४० रुपये. आणि मोबाइलच्या हप्त्यांत व्याज आधीच धरलेलं, लवकर भरून एक पैसाही वाचणार नव्हता.

तरीही पहिल्या महिन्यात मी मोबाइलच संपवायला सांगितला. त्या महिन्याचा हप्ता आणि उरलेले सहा हजार मिळून तो एका फटक्यात मिटत होता. मुदतीआधी बंद करायचा आकार नाही, हे आधी विचारून घेतलं. यात कार्डावर साधारण ५०० रुपये जास्त व्याज गेलं, पण एक हप्ता कायमचा सुटला आणि पुढच्या महिन्यापासून सहाऐवजी आठ हजार हाताशी आले. ताईंची झोप उडाली होती ती हप्त्यांच्या तारखांनी, म्हणून हे ५०० मला महाग वाटले नाहीत.

पतपेढीच्या बाबतीत मात्र मी ठाम नाही म्हटलं. तिथेही स्नोबॉल चालवला असता तर अडीच-तीन हजार रुपये जास्त गेले असते. पतपेढीचा २,२०० चा नेहमीचा हप्ता चालू ठेवून मिनिममचे तीन आणि वरचे आठ असे अकरा हजार दरमहा कार्डाला, असं ठरलं. या हिशोबाने अकरा हजार भरायला लागल्यापासून सातव्या महिन्यात कार्ड संपतं, पण कार्डावर नवी खरेदी केली नाही तरच.

तिसऱ्या महिन्यात बाकी अपेक्षेइतकी उतरली नाही. स्टेटमेंट चाळलं तर १,९०० रुपयांचा किराणा सापडला. ताईंना वाटत होतं, बिल येईपर्यंत त्यावर व्याज नाही. पण मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज लागतं. त्यांनी तिथेच बसून किराण्याच्या अ‍ॅपमधून कार्ड काढलं.