‘श्वासनलिकेत गेलं’ कधी म्हणायचं?

प्रश्न: बेरियम स्वॉलो या गिळण्याच्या एक्स-रे तपासणीच्या रिपोर्टात ‘पेनिट्रेशन’ आणि ‘अ‍ॅस्पिरेशन’ असे दोन शब्द येतात. नातेवाइकांना मराठीत सांगताना दोन्हींना ‘श्वासनलिकेत गेलं’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘डिले’ म्हणजे नेमका कशाला उशीर?

नाही चालणार, कारण मध्ये स्वरतंतूंची सीमा आहे. बेरियम स्वरयंत्राच्या तोंडातून आत आलं पण स्वरतंतूंच्या वर किंवा त्यांच्यावरच थांबलं, तर ते पेनिट्रेशन. मी त्याला ‘शिरकाव’ म्हणते. ‘श्वासनलिकेत गेलं’ हे ते स्वरतंतूंच्या खाली उतरल्यावरच, म्हणजे अ‍ॅस्पिरेशन झाल्यावरच म्हणावं. बाजूने घेतलेल्या चित्रात स्वरतंतू ओळखायला त्यांच्या लगेच वर असलेली हवेची फिकट, बारीक फट आधी शोधा. तिथे खांद्याची सावली पडली असेल, तर खात्रीचं विधान करू नका.

‘डिले’ म्हणजे गिळणं सुरू व्हायला झालेला उशीर. तो मात्र एका स्थिर चित्रावरून सांगताच येत नाही. त्यासाठी चित्रफीत फ्रेम-फ्रेम पुढे सरकवावी लागते. जबड्याच्या हाडाची खालची कड जिभेच्या मुळाला जिथे छेदताना दिसते, तिथे घोटाचं पुढचं टोक पोचलं की मोजायला लागायचं आणि जिभेखालचं हायॉइड हाड झपकन वर-पुढे निघालं की थांबायचं.

समजा, पक्षाघात झालेल्या रुग्णाला ५ मिली पातळ बेरियम दिलंय आणि चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं आहे. घोट १२व्या फ्रेमला त्या जागी पोचतो, हायॉइड ५७व्या फ्रेमला हलतं. मधल्या ४५ फ्रेम म्हणजे दीड सेकंद. एवढ्या वेळात बेरियम जिभेमागच्या खळग्यातून खाली स्वरयंत्राच्या बाजूच्या पिरिफॉर्म सायनस या खळग्यांमध्ये साचतं, मागच्या काठावरून स्वरयंत्रात सांडतं आणि त्या फटीखाली काळी रेघ उतरते. ठसका नाही, खाकरणं नाही. रोझेनबेक आणि सहकाऱ्यांच्या १९९६च्या, पेनिट्रेशन-अ‍ॅस्पिरेशनच्या आठ पायऱ्यांच्या मापनात ही आठवी पायरी. बेरियम तिथेच राहिलं, पण बाहेर काढायची धडपड झाली असती, तर सातवी.

निरोगी वृद्धांमध्येही घोट जिभेमागच्या खळग्यापर्यंत पोचल्यावर गिळणं सुरू झालेलं दिसतं. तेवढ्यावरून त्याला आजार ठरवू नका. त्या खळग्यात गिळून झाल्यावर दिसणारं बेरियम हा उशीर नाहीच, ते उरलेलं आहे, आणि त्यावरचा उपायही वेगळा. रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टातला ‘डिलेड पॅसेज’ तर बहुधा अन्ननलिकेतून पुढे सरकायला लागलेल्या वेळाबद्दल असतो. तो आपल्या घशातल्या उशिरात मिसळू नका.

वरच्या रुग्णाच्या घरच्यांना मी असं सांगेन: “पातळ घोट घशात उतरतो, पण गिळणं उशिरा सुरू होतं. तेवढ्यात थोडं श्वासनलिकेत जातं आणि त्यांना ठसकाही लागत नाही. म्हणून खोकत नाहीत, म्हणजे नीट गिळतायत असं धरू नका.”