ट्यूब संपली की आग परत: शुगर आणि पुढच्या कातडीखालची बुरशी

प्रश्न: वय ५१, काही वर्षांपासून शुगर आहे. महिनाभर लिंगाच्या टोकाला लाली आणि खाज आहे, संबंधाच्या वेळी खूप आग होते. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बायकोकडून लागलं असेल का?

उत्तर: मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. असे पेशंट नेहमी येतात आणि बहुतेक जण आधी बायकोवरच संशय घेतात. तो सोडा. तुमच्या वर्णनावरून ही कॅन्डिडा नावाची बुरशी वाटते, आणि ती कुणाकडून लागावीच लागते असं नाही. थोडीफार ती कित्येकांच्या अंगावर निमूट पडून असते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते. लघवीचे शेवटचे थेंब पुढच्या कातडीखाली राहतात. तिथे ऊब आहे, ओल आहे, वर साखर. बुरशीची चंगळच.

आरशासमोर नीट उजेडात पाहा. टोकावर लाल चट्टे किंवा बारीक पुटकुळ्या, कधी पुसला जाणारा पांढरा थर, आणि कातडीच्या कडेला बारीक उभ्या चिरा दिसतील. संबंधाच्या वेळी कातडी मागे ताणली जाते, त्या चिरा उघडतात आणि झोंबतात.

आता ती ट्यूब. तिच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज लगेच उतरते, पण बुरशी जागेवरच राहते, उलट फोफावते. शिवाय तिथली कातडी मुळातच नाजूक, ती आणखी पातळ होते. तुमचं ‘चार दिवस बरं’ यातलंच असण्याची शक्यता मोठी आहे.

डॉक्टरांनी बघून बुरशीच आहे म्हटलं, तर साधी १ टक्क्याची क्लोट्रिमॅझोल क्रीम, जिच्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही, दिवसातून दोनदा टोकावर आणि कातडीच्या आतल्या बाजूला पातळ लावायची. सात ते चौदा दिवस. लाली तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेली तरी मधेच सोडायची नाही. त्रास जास्त असेल तर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, पण ती काउंटरवरून परस्पर घेऊ नका. तुम्ही ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेत असाल तर तिच्यामुळे त्या गोळ्यांचा असर वाढून शुगर एकदम खाली येऊ शकते.

माझ्याकडे पन्नाशीतले एक गृहस्थ क्रीमने बरे होऊन पुन्हा पुन्हा येत होते. एचबीए१सी ७ च्या आसपास, म्हणजे शुगर ताब्यात. शेवटी त्यांची फाइल उलटली, तर त्रास सुरू होण्याच्या थोडं आधी डापाग्लिफ्लोझिन चालू झालेलं. ही गोळी साखर मुद्दामच लघवीवाटे बाहेर काढते. म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला असला तरी लघवी गोडच राहते. एम्पाग्लिफ्लोझिनचंही तेच. त्यांचं हृदय कमकुवत होतं आणि त्यासाठी ही गोळी उपयोगी असते, म्हणून त्यांच्या फिजिशियनशी बोलून ती चालूच ठेवली आणि स्वच्छतेवर भर दिला. त्यानंतर त्रास थांबला. तुमच्या चिठ्ठीत हे नाव असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून गोळी बंद करू नका.

स्वच्छता म्हणजे घासणं नव्हे. रोज एकदा कातडी हलकेच मागे घ्या, कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून कोरडं करा आणि कातडी पुन्हा पुढे आणा. हे शेवटचं विसरू नका. मागेच राहिलेली कातडी सुजून अडकते, आणि मग धावत हॉस्पिटल गाठावं लागतं. साबण, डेटॉल, लिंबू, हळद यातलं काहीही तिथे नको. दर वेळी लघवी झाल्यावर टिश्यूने थेंब टिपून घ्यायचे. फायदा सगळ्यात जास्त याचाच होतो आणि आळसही नेमका याचाच केला जातो.

चिरा भरेपर्यंत संबंध टाळा. या क्रीममुळे कंडोम फाटू शकतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. बायकोला खाज किंवा दह्यासारखं पांढरं जात असेल तर तिचेही उपचार त्याच वेळी करा. काहीच त्रास नसेल तर औषधाची गरज नाही.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही, कातडी मागे जाईनाशी झाली, पांढुरका कडक पट्टा दिसला किंवा न भरणारी जखम असली, तर ती निव्वळ बुरशी नसावी. त्वचारोगतज्ज्ञ किंवा युरॉलॉजिस्टला दाखवा. ताप, अंडकोषाला सूज आणि दिसतं त्याहून कितीतरी जास्त ठणका असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच कॅज्युअल्टी गाठा. शुगरवाल्यांमध्ये तिथला जंतुसंसर्ग काही तासांत पसरू शकतो.