फंडिंगची बातमी शोधात का सापडत नाही: मथळा आणि पहिला परिच्छेद

*"आमच्या स्टार्टअपला सीड राउंडमध्ये साडेचार कोटी मिळाले. एजन्सीकडून प्रेस रिलीज काढलं, मथळा होता ‘ग्रामीण आरोग्यसेवेत नवक्रांती: पुण्याच्या तरुणांचे दमदार पाऊल’. शंभरावर लिंक आल्या म्हणतात, पण गुगलच्या बातम्यांत कंपनीचं नाव टाकलं तर एकही दिसत नाही. मथळा बदलून तेच पुन्हा पाठवू का?"*

तुमचा मथळा वाचून मला आमचाच जुना मथळा आठवला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तेच पत्रक पुन्हा पाठवू नका. त्याऐवजी काय करता येईल ते पुढे येईलच. मी पत्रकार नाही आणि जनसंपर्काचा व्यावसायिकही नाही. एक फेरी वाया घालवलेला आणि दुसरी नीट जाहीर केलेला सहसंस्थापक एवढाच माझा अधिकार आहे.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांना तोडणीनंतरच्या प्रीकूलिंगसाठी, म्हणजे माल लगेच थंड करण्यासाठी, फिरते युनिट भाड्याने देणे, हा आमचा व्यवसाय. कंपनीचे खरे नाव येथे देत नाही, ‘अबक’ म्हणू; मात्र ते नाव म्हणजे मराठी घरात रोज उच्चारला जाणारा एक साधा शब्द आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सीड फेरीत आम्हाला ६ कोटी रुपये मिळाले आणि आम्ही पत्रकाचे काम एका जनसंपर्क संस्थेकडे सोपवले. त्यांनी दिलेला मथळा असा होता: ‘शेतकऱ्यांच्या जीवनात परिवर्तन घडवण्यासाठी अग्रगण्य ॲग्रीटेक स्टार्टअपची गगनभरारी’. आम्हाला तो आवडला, हे कबूल केले पाहिजे. आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही की त्यात कंपनीचे नाव नाही, रक्कम नाही, गुंतवणूकदार नाही, आणि पैसे मिळाले आहेत हेसुद्धा नाही.

पहिला परिच्छेद म्हणजे ९४ शब्दांचे एकच वाक्य होते आणि कंपनीचे नाव त्यात ७१व्या शब्दाला येत होते. हे मी नंतर रागाच्या भरात मोजले. त्याआधीचे सत्तर शब्द ‘भारतीय कृषिक्षेत्रासमोरील आव्हाने’ आणि ‘संस्थापकांची दूरदृष्टी’ यांत खर्च झाले होते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बहुतेक पोर्टलांनी पत्रक जसेच्या तसे चढवले. एका बातमीदाराने मात्र स्वतःहून बातमी केली; पण आमच्या मथळ्यात पकडण्यासारखे काहीच नसल्याने त्याने फंडाकडून मिळालेल्या माहितीवरून मथळा दिला, आणि बातमी ‘अमुक फंडाची नाशिकच्या स्टार्टअपमध्ये गुंतवणूक’ अशी झाली. म्हणजे ज्या एका बातमीला खरे वजन होते, तिच्या मथळ्यातही आम्ही ‘नाशिकचे स्टार्टअप’ एवढेच उरलो. डिसेंबरमध्ये, द्राक्षांचा हंगाम तोंडावर असताना, एका निर्यातदाराच्या खरेदी व्यवस्थापकाने आमचे नाव शोधले, तेव्हा त्यांना त्याच नावाचा एक मसाल्यांचा ब्रँड सापडला. त्यांनी प्रांजळपणे फोन करून विचारले, "तुम्ही मसालेही करता का?" ज्यांनी फोन न करताच नाद सोडला, ते किती होते हे कळायला मार्ग नाही.

माझ्या मते चूक शब्दांच्या निवडीपेक्षा खोल आहे. शोधणारा माणूस ‘परिवर्तन’ किंवा ‘नवक्रांती’ असे टाकत नाही. तो कंपनीचे नाव टाकतो आणि पुढे ‘फंडिंग’, ‘गुंतवणूक’ किंवा इंग्रजीत `funding`, `raises` असा एखादा शब्द जोडतो. काही जण फंडाच्या नावावरून येतात, तर काही ‘प्रीकूलिंग स्टार्टअप नाशिक’ असे व्यवसाय आणि गाव यांवरून. मथळा आणि पहिला परिच्छेद मिळून या तिन्ही वाटांनी येणाऱ्याला पान सापडले पाहिजे. नाव सर्वसाधारण शब्दाचे असेल, तर त्याच्या शेजारी व्यवसायाचा शब्द असणे अपरिहार्य आहे, कारण नुसत्या नावावरून तुम्ही कोण हे शोधयंत्राला कळणार नाही आणि माणसालाही नाही.

दुसऱ्या फेरीच्या आधी आम्ही सरावासाठी जुनेच पत्रक पुन्हा लिहून पाहिले. मथळा असा झाला: ‘प्रीकूलिंग स्टार्टअप अबक ॲग्रोने सीड फेरीत ६ कोटी रुपये उभारले’. फंडाचे नाव आम्ही उपमथळ्यात टाकले. मथळ्यासाठी अक्षरांची ठरावीक मर्यादा गुगलने सांगितलेली नाही; निकालात तो पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापला जातो. त्यामुळे नाव, क्रियापद आणि रक्कम जितकी आधी येतील तितके बरे. बातमीदाराच्या फोनवर ईमेलचा विषयही असाच अर्ध्यात तुटतो, म्हणून विषयाच्या ओळीतही हाच मथळा द्यावा; ‘प्रेस रिलीज: तातडीने प्रसिद्धीसाठी’ या शब्दांनी ती जागा अडवू नये.

पहिला परिच्छेद असा झाला:

> नाशिक, १४ सप्टेंबर: द्राक्ष बागायतदारांना तोडणीनंतर बांधावरच माल थंड करण्यासाठी फिरते प्रीकूलिंग युनिट भाड्याने देणाऱ्या नाशिक येथील अबक ॲग्रो या कंपनीने सीड फेरीत ६ कोटी रुपये उभारले आहेत. कखग फंड हा या फेरीतील प्रमुख गुंतवणूकदार आहे. या रकमेतून कंपनी येत्या हंगामापूर्वी दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत आणखी युनिट सुरू करणार आहे.

यात स्तुतीचे विशेषण एकही नाही, आणि ते मुद्दाम. ‘अग्रगण्य’ हा शब्द बातमीदार सर्वप्रथम खोडतो, आणि एकदा कात्री हातात आली की शेजारचा कामाचा शब्दही जातो. उलट हा परिच्छेद एखाद्या उपसंपादकाने घाईत तसाच उचलला, तरी नाव, व्यवसाय, गाव, रक्कम, फेरी आणि गुंतवणूकदार हे सगळे त्याच्याबरोबर जाते. संस्थापकांची अवतरणे दुसऱ्या परिच्छेदापासून खाली असावीत.

रकमेबाबत थोडे थांबून सांगतो, कारण तिथेही आमचे हसे झाले होते. मथळ्यात रक्कमच नव्हती, मजकुरात ती डॉलरमध्ये होती आणि माझ्या अवतरणात ‘६ कोटींहून अधिक’ असे होते. एका बातमीदाराने नेमका आकडा विचारणारा ईमेल संस्थेला पाठवला, तो आमच्यापर्यंत दोन दिवसांनी आला आणि तोवर त्याचा रस संपला होता. एकच आकडा, एकाच चलनात, सर्वत्र सारखा ठेवावा; परदेशी वाचक हवे असतील, तर डॉलरमधील रक्कम पहिल्या उल्लेखापाशी एकदाच द्यावी. रकमेत कर्जाचा भाग असेल, तर तो वेगळा सांगावा. रक्कम उघड करायची नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. ‘भरघोस निधी’ हा कोणाच्याच शोधातला शब्द नाही.

क्रियापदाचा काळही जपून वापरावा. ‘उभारणार’ असे लिहून आधीच गाजावाजा करण्याचा मोह होतो. पण २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ४२नुसार खासगी वितरणाने समभाग देताना त्या विक्रीची जाहिरात करण्यास किंवा माध्यमांतून सर्वसामान्यांना तिची माहिती देण्यास मनाई आहे. म्हणून आम्ही वाटप पूर्ण होईपर्यंत गप्प राहिलो. वाटपानंतर १५ दिवसांत PAS-3 हा वाटपाच्या माहितीचा अर्ज कंपनी निबंधकांकडे दाखल करावा लागतो आणि अशा नोंदींवर काही बातमीदारांची बारीक नजर असते, त्यामुळे फार उशीर केला, तर तुमची बातमी दुसराच कोणीतरी आपल्या मथळ्याने देतो. मी कंपनी सेक्रेटरी नाही. तारीख ठरवण्याआधी तुमच्या सेक्रेटरींना विचारा.

आता त्या शंभर लिंकांविषयी. त्यातल्या दहा उघडून पाहा. वर ‘ब्रँड कंटेंट’ असा शिक्का, खाली ‘या मजकुराची जबाबदारी संपादकीय विभागाची नाही’ अशी ओळ आणि लेखकाच्या नावाचा पत्ता नाही, असे दिसले, तर ती पैसे देऊन चढवलेली प्रत आहे. मजकूर शब्दशः सारखाच असल्याने शोधयंत्र त्यातल्या एकदोन प्रती दाखवते आणि बाकीच्या सारख्या म्हणून झाकून ठेवते. खासगी विंडो उघडून तुमचा पूर्ण मथळा अवतरणचिन्हांत टाकून शोधा. पाने सापडली, पण कंपनीच्या नावाने शोधल्यावर सापडत नसली, तर दोष वितरणाचा नाही, मथळ्याचा आणि पहिल्या परिच्छेदाचा आहे.

तुमच्या हातात आज पूर्णपणे आहे ते तुमचे स्वतःचे पान. आमच्या संकेतस्थळावर पत्रकाची फक्त पीडीएफ होती, आणि मराठी पत्रक तर डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बसवले होते. डोळ्यांना ते सुबक दिसत होते. त्यातला मथळा कॉपी करून शोधपेटीत चिकटवला, तेव्हा तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उमटला. तुम्हीही एवढी एक चाचणी कराच. पत्रक साध्या वेबपानावर युनिकोडमध्ये ठेवा, पानाचे शीर्षक आणि दिसणारा मथळा एकच असू द्या, तारीख वाचकाला दिसेल अशी लिहा आणि तीच कोडमध्येही द्या:

```html
<title>प्रीकूलिंग स्टार्टअप अबक ॲग्रोने सीड फेरीत ६ कोटी रुपये उभारले</title>
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "NewsArticle",
  "headline": "प्रीकूलिंग स्टार्टअप अबक ॲग्रोने सीड फेरीत ६ कोटी रुपये उभारले",
  "datePublished": "2022-09-14T10:00:00+05:30"
}
</script>
```

शेवटचे `+05:30` विसरू नका, नाहीतर वेळ कोणत्या देशाची हे कळत नाही. एवढे केल्याने कंपनीचे पान बातम्यांच्या टॅबमध्ये येईलच असे नाही, ते बहुधा साध्या शोधातच येईल. पण पडताळणीसाठी बातमीदार तिथेच येतो आणि मथळ्याचे शब्दही बऱ्याचदा तिथूनच घेतो. तारीख मात्र खरी तीच ठेवा. जुनी बातमी आजच्या तारखेने चढवण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तो आम्ही ऐकला नाही, याचे आजही समाधान आहे.

पुन्हा पाठवायचे असेल, तर एखादी नवी घटना घडू द्या: पहिले केंद्र सुरू होणे किंवा एखाद्या रुग्णालयाशी करार होणे. मथळा त्या घटनेचा असावा आणि पहिल्या परिच्छेदाच्या दुसऱ्या वाक्यात ‘सीड फेरीत ४.५ कोटी रुपये उभारलेल्या’ असा उल्लेख यावा. आम्ही जानेवारीत निफाडचे युनिट सुरू झाल्यावर हेच केले. तीन बातमीदारांनी स्वतःच्या शब्दांत बातमी दिली, तिन्ही मथळ्यांत आमचे नाव होते, आणि नावापुढे ‘फंडिंग’ टाकल्यावर मसाल्यांच्या वर आम्ही दिसू लागलो.

त्या संस्थेचे बिल आम्ही पूर्ण भरले. करारात ‘किमान १०० लिंक’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्यांनी १४० दिल्या होत्या. तुमच्या पुढच्या करारात ‘मथळ्याला संस्थापकांची लेखी मंजुरी’ ही ओळ घालून घ्या, आणि मंजुरी देण्यापूर्वी तो मथळा तुमच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला वाचून दाखवा. कोणाला, किती आणि कशासाठी पैसे मिळाले, हे माझ्या मावशीला पहिल्या मथळ्यावरून सांगता आले नव्हते.