४१२ रिकामी आहे, हे आधी कुणाला कळतं?

"मुलगी हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात आहे. पहिला महिना हाउसकीपिंग. दिवसभर चादरी बदलते, बाथरूम घासते. मग किचन, आणि फ्रंट डेस्क सगळ्यात शेवटी. एवढी फी भरून हेच करायचं का? तिचं इंग्रजी उत्तम आहे. एचआरला फोन करून तिला पूर्ण वेळ फ्रंट डेस्कवर ठेवायला सांगू का? धाकट्यालाही याच लाइनला घालायचा विचार आहे, परीक्षा कोणती?"
– एक पालक, कराड

फोन करू नका. वडिलांचा फोन आला की ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचते. मग सुपरवायझर तिला काही शिकवायच्या भानगडीत पडत नाही, लिनन रूममध्ये टॉवेल मोजायला बसवतो. आणि एक विचारू? पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. बाथरूम घासते हे तिने रडत सांगितलं की हसत? मला वाटतं, त्रास तिला कमी होतोय आणि नातेवाइकांना काय सांगायचं याचा तुम्हाला जास्त.

फ्रंट डेस्क म्हणजे हॉटेलचं डोकं आणि हाउसकीपिंग म्हणजे हातपाय, हा तुमचा समज मात्र खोडायलाच हवा. समजा, डेस्कवरचा कॉम्प्युटर म्हणतो की ४१२ मध्ये पाहुणा आहे. सकाळच्या फेरीत तुमची मुलगी दार उघडते तर सामान नाही, कपाट मोकळं, पलंगाला हातही लागलेला नाही. तिचा शेरा एक, डेस्कचा दुसरा. यालाच डिस्क्रिपन्सी म्हणतात. पाहुणा बिल भरून रात्रीच गेला असेल आणि डेस्कवाला नोंद करायला विसरला असेल. तसं असेल तर विकता येणारी खोली फुकट अडकून पडली. किंवा पाहुणा बिल न भरताच पळाला असेल. सामान खोलीत असतं, तर तो नुसता बाहेर झोपला असता. हा फरक डेस्कवर बसून कळत नाही, दार उघडणाऱ्याला कळतो. म्हणून तिने रोज आपल्या मजल्याचा शेरा डेस्कच्या यादीशी ताडून पाहावा, आणि फरक निघाला तर त्याचा शेवट काय झाला ते विचारून लिहून ठेवावं. पाहुणा सोडून गेलेली खोली पुन्हा देण्याजोगी व्हायला किती मिनिटं लागतात, तेही घड्याळ लावून पाहावं. साधारण अर्धा-पाऊण तास जातो. सुपरवायझर ती कशासाठी नापास करतो, हे त्याहून महत्त्वाचं. बहुतेकदा आरशावरचा डाग किंवा बाथरूममधला एखादा केस असतो.

हा महिना पदरी असला की फ्रंट डेस्क वेगळाच दिसतो. बाराला खोल्या सुटणार, दोनला नवे पाहुणे, आणि एक कुटुंब अकरालाच दारात उभं. कुणाला आधी खोली द्यायची, कुणाला चहा देऊन बसवायचं आणि हाउसकीपिंगला कुठली खोली आधी उरकायला सांगायची, हे बघण्यासारखं असतं. ज्याला खोलीला लागणारा वेळ ठाऊक नाही, तो "पाच मिनिटांत देतो" म्हणतो आणि तासभर शिव्या खातो. तिथे इंग्रजी कामाला येत नाही.

किचनमध्ये तिला फोडणी कुणी देऊ देणार नाही, कांदे सोलायला लावतील. सोलू दे, पण वजन करून. पाच किलो कांदा चाळीसच्या भावाने दोनशेचा. सोलून सव्वाचार किलो उरला, तर पानात जाणारा कांदा सत्तेचाळीस रुपये किलो पडला. मेनूचा भाव या हिशोबावर बसतो. दुसरं, नाश्त्याच्या बुफेतून साडेदहाला काय परत येतं ते पाहावं. नाश्ता किती जणांचा करायचा, हा आकडा रात्री किती पाहुणे मुक्कामाला आहेत त्यावरून ठरतो. ४१२ ची नोंद चुकली की इडल्याही जास्त होतात.

तुमच्या काळजीत एक गोष्ट खरी आहे, ती तुम्ही लिहिलीच नाहीत. काही हॉटेलं मुलांना फुकटचे कामगार समजतात. महिना उलटला तरी विभाग बदलत नाही, लॉगबुकवर कोऱ्या पानांनाच सह्या होतात, कुणी रजेवर गेला की हिला तिथे उभं करतात. असं दिसलं तर तिने स्वतः ट्रेनिंग मॅनेजरकडे विभागबदलाचं वेळापत्रक लेखी मागावं, नाही मिळालं तर कॉलेजला कळवावं. पाहुणा खोलीत असेल तर दार उघडं ठेवूनच काम करायचं, आणि अवघडल्यासारखं वाटलं तर तसंच बाहेर येऊन सुपरवायझरला सांगायचं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, हे तिला आज रात्रीच सांगा.

धाकट्यासाठी एनसीएचएम जेईई, बारावीला इंग्रजी हवं. पण फॉर्म भरण्याआधी त्याला ताईशी तासभर बोलू द्या, तुम्ही खोलीत नसताना.