वास येतो आणि खाज नाही, तर फंगलची गोळी लागू पडत नाही

प्रश्न: अंगावरून पांढरं जातं, वास येतो. मेडिकलमधून गोळी आणून घेतली, फरक नाही. हे फंगलच आहे ना?

बहुधा नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मेडिकलवाले अशा वेळी सहसा फ्लुकोनाझोल १५० देतात, आणि ती फक्त यीस्टवर, म्हणजे तुम्ही म्हणता त्या फंगलवर चालते. यीस्टमध्ये मुख्य त्रास खाजेचा आणि आगीचा असतो, स्राव घट्ट, दह्याच्या कवड्यांसारखा, वास जवळजवळ नसतोच.

गेल्या महिन्यात एक ताई आल्या होत्या. दोन महिन्यांत तीनदा हीच गोळी झाली होती. खाज अजिबात नव्हती, पण संबंधानंतर आणि पाळीच्या शेवटी माशासारखा वास यायचा. तपासताना राखाडी-पांढरा, पातळ स्राव आतल्या भिंतींवर सांडलेल्या दुधासारखा पसरलेला दिसला. आम्लता मोजणाऱ्या पीएच पट्टीवर आकडा ५ च्या वर गेला. यीस्टमध्ये तो साधारण ४.५ च्या आतच राहतो. काचपट्टीवरच्या स्रावावर केओएच या रसायनाचा थेंब टाकला तसा तोच वास भपकन आला. केओएच अल्कधर्मी, वीर्य आणि रक्तही तसंच, म्हणून वास नेमका त्याच वेळी सुटतो. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या कडा जंतूंनी झाकून पुसट झाल्या होत्या. हे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू कमी होऊन दुसरे जंतू वाढणं. मेट्रोनिडाझोल ५०० दिवसातून दोनदा, सात दिवस दिलं आणि वास गेला. हे काही महिन्यांत उलटू शकतं, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं. जंतुनाशकाने आतून धुणं मात्र बंद करायला लावलं, त्याने उरलेले चांगले जंतूही जातात.

तिसरी शक्यता ट्रायकोमोनासची. स्राव पिवळा-हिरवा, कधी फेसाळ, वास येतो आणि खाज, आगही होते. पण पुष्कळ बायकांना काहीच जाणवत नाही. पीएच इथेही वाढलेला असतो, त्यामुळे नुसत्या पट्टीवरून ठरत नाही. ताज्या काचपट्टीवर हा जंतू वळवळताना दिसतो, मात्र नमुना थोडा वेळ पडून राहिला की तो थंडावतो आणि रिपोर्ट 'नाही' येतो. म्हणून शंका असेल तर जंतूचा जनुकीय अंश शोधणारी एनएएटी तपासणी करून घ्या, ती बरीच जास्त पकडते. औषध बाईला तेच मेट्रोनिडाझोल, सात दिवस. पण हा संबंधातून पसरतो, नवऱ्यालाही त्याच वेळी औषध हवं, त्याला त्रास नसला तरी. दोघांचा उपचार संपेपर्यंत संबंध नकोत, आणि तीन महिन्यांनी तुमची पुन्हा तपासणी.

तर तुम्ही आता पुन्हा तीच गोळी आणू नका. पाळी नसताना, दोन दिवस संबंध न ठेवता, आत काही न लावता तपासायला जा आणि 'पीएच आणि काचपट्टी बघा' असं स्पष्ट सांगा. गरोदर असाल तर ते आधी सांगा, कारण फ्लुकोनाझोलची गोळी तेव्हा टाळतात. ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल तर आजच जा.