आधी वाक्य मोड

चि. संपादकास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा सभेत ‘जलकुंभ स्वच्छीकरण’ या शब्दांवरून चारजण हसले आणि तुझा चेहरा उतरला. रात्री जिन्यात भेटलास तेव्हा म्हणालास, “काकू, मग इंग्रजीच राहू देऊ का?” तेव्हा माझ्या हातात दुधाची पिशवी होती आणि उत्तर लांबलचक होतं, म्हणून हे पत्र. इंग्रजी राहू द्यायचं नाही. पण तू जे केलंस तेही करायचं नाही. हसणाऱ्यांवर मी रागावले आहे, तरी त्यांच्या हसण्यात खरं होतं ते तुला सांगितलंच पाहिजे.

सोसायटीच्या मासिक पत्रकासाठी सचिवांकडून तुला मजकूर आला तो असा: “सर्व मेंबर्सना इन्फॉर्म करण्यात येते की संडेला दहा ते दोन टँक क्लीनिंगमुळे वॉटर सप्लाय क्लोज राहील, तरी पाणी अॅडव्हान्समध्ये स्टोअर करून को-ऑपरेट करावे.” तू कोश काढून बसलास आणि एकेका इंग्रजी शब्दाखाली एकेक मराठी शब्द ठेवलास: “सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की रविवारी दहा ते दोन या कालावधीत जलकुंभ स्वच्छीकरणामुळे जलपुरवठा खंडित राहील, तरी आगाऊ साठवणूक करून सहकार्य करावे.” शब्द बदलले, वाक्य तेच राहिलं. ते वाक्यच मुळात मराठी नाही रे. त्याचे हात-पाय इंग्रजीचे आहेत, तू फक्त अंगरखा बदललास.

आता हे बघ: “येत्या रविवारी टाकी धुणार आहेत. सकाळी दहा ते दुपारी दोन पाणी येणार नाही. शनिवारी रात्रीच भरून ठेवा.”

इथे ‘क्लीनिंग’ला प्रतिशब्द कुठे आहे? नाही. ‘सप्लाय’ला? नाही. ‘को-ऑपरेट’ तर पुसूनच गेलं, कारण पाणी भरून ठेवणं हेच सहकार्य. अकरा इंग्रजी शब्द गेले आणि त्यांच्या जागी एकही नवा शब्द घडवावा लागला नाही. म्हणून सांगते, आधी वाक्य मोड. मोडल्यावर जो इंग्रजी शब्द शिल्लक राहील, त्याच्यापुरताच शोध. बहुतेक वेळा शिल्लक काही राहतच नाही, कारण आपल्या लिखाणात इंग्रजी शिरतं ते नामांतून. ‘क्लीनिंग’, ‘पेमेंट’, ‘रिपेअरिंग’, ‘सबमिशन’. मराठी हीच कामं क्रियापदांनी करते. धुणं, भरणं, दुरुस्त करणं, देणं. नाम शोधत बसलास की ‘स्वच्छीकरण’ हाती लागतं. क्रियापद शोधलंस की ‘धुणार आहेत’ आपोआप येतं.

हे मला कोणी शिकवलं नाही. चूक करून शिकले, आणि ती चूक अजून माझ्या छातीवर आहे. पत्रक नवीन माझ्याकडे आलं तेव्हा मी छापखान्यातल्या मुद्रितशोधनाच्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि एकही इंग्रजी शब्द ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. लिफ्ट दोन दिवस बंद राहणार होती. मी छापलं, “उद्वाहक देखभालीसाठी बंद राहील.” शब्द चुकीचा नव्हता, सरकारी मराठीत तो आहे. पण आपल्या इमारतीत त्या शब्दाचा कान कोणाला होता? चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. त्यांनी पत्रक वाचलं, कळलं नाही, म्हणून बाजूला ठेवलं. संध्याकाळी दवाखान्यातून परत आले तर लिफ्ट बंद. चार मजले धरून धरून चढले. मी जिन्यात होते. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, फक्त कठडा धरून उभे राहिले. ‘लिफ्ट’ लिहिलं असतं तर ते त्या दिवशी बाहेरच पडले नसते.

तेव्हापासून ‘लिफ्ट’ला मी हात लावत नाही, आणि तूही लावू नकोस. बिल, सोसायटी, वॉचमन यांनाही नको. हे शब्द आपल्या घरात जेवून-खाऊन राहिलेत. ओळखायचं कसं, तर शब्द मराठीचे प्रत्यय आणि अनेकवचन घेतो का बघ. ‘बिल’चं ‘बिलं’ होतं, ‘बिलाची’ होतं. ‘तिकीट’चं ‘तिकिटं’, ‘तिकिटाला’. म्हणजे तो घरचा झाला. पण ‘ड्यूजची’, ‘मेंबर्सना’, ‘डॉक्युमेंट्सची’ यांत इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय तसाच चिकटून आला आहे. तो शब्द अजून दारात बूट घालून उभा आहे. ‘मेंबर’ ठेवायचाच असेल तर निदान ‘मेंबरांना’ लिही. पण ‘सभासद’ इतका रुळलेला शब्द असताना ठेवायचा कशाला? आणि ‘ड्यूज’च्या जागी ‘थकबाकी’ तर भाजीवालासुद्धा म्हणतो.

आता ‘लीकेज’. याच्यावर मी तुला जास्त वेळ थांबवणार आहे, कारण इथे इंग्रजी शब्दाने आपलं पैशांचं नुकसान केलं आहे.

मागच्या पावसाळ्यात तक्रारींची यादी तुझ्या पत्रकात आली. नऊ घरांपुढे एकच शब्द, ‘लीकेज’. प्लंबरला नऊ घरांची यादी दिली. तो तिसऱ्या घरापर्यंत पोहोचला आणि परत गेला, कारण दोन घरांत त्याचं काहीच काम नव्हतं. मी स्वतः घरोघर जाऊन विचारलं. एकीकडे न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. वॉशर बदलला की संपलं, आणि तो खर्च घरवाल्याचा. दुसरीकडे वरच्या घरातल्या मोरीचं पाणी छतातून पाझरत होतं. तिथे वरच्या-खालच्यांना एकत्र बसवायला हवं होतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीतून थेट गळत होतं, ते काम सोसायटीचं. आणि पश्चिमेकडच्या दोन घरांत नळबिळ काही नव्हतं. बाहेरच्या गिलाव्याला भेगा पडून भिंतींना ओल आली होती, रंगाचे पोपडे निघत होते. तिथे प्लंबर काय करणार? तिथे गवंडी हवा.

ठिबकतंय, पाझरतंय, गळतंय, ओल आली आहे. चार शब्द, चार कारणं, चार वेगळी माणसं बोलवायची. आपल्या आज्या हे एका श्वासात वेगळं करून सांगायच्या, आणि आपण चारही एका ‘लीकेज’मध्ये कोंबतो. म्हणून ‘लीकेज’च्या जागी ‘गळती’ लिहून तू सुटायचं नाहीस. ते परत एका नामाच्या जागी दुसरं नाम झालं. विचार, “काय होतंय?” आणि लोक जे क्रियापद वापरतील तेच छाप. आधी वाक्य मोड!

उलटी चूकही असते, आणि ती जास्त घातक. काही शब्दांमागे कायदा उभा असतो. एका वर्षी मी ‘नॉमिनी’च्या जागी ‘वारस’ छापलं, “सर्वांनी वारसाचे अर्ज भरून द्यावेत.” किती छान, सोपा, घरचा शब्द. महिन्याभरात तीन जण मला म्हणाले, मुलाचं नाव घातलं, आता मृत्युपत्राची गरज नाही. मला घाम फुटला. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटी व्यवहार कोणाशी करणार, ते त्या अर्जावरून ठरतं. घराची मालकी कोणाची, हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसाहक्काचा कायदा. माझ्या एका गोड शब्दाने तीन घरांत भांडणाचं बी पेरलं जाणार होतं. पुढच्या अंकात अर्धं पान खर्चून ते निस्तरलं. तिथे ‘नामनिर्देशित व्यक्ती’ असाच जड शब्द हवा, आणि त्याखाली दोन ओळींत त्याचा अर्थ. जडपणा चालेल, गोंधळ चालणार नाही.

तू म्हणशील, काकू एकदा सांगतात सोपं लिही, एकदा सांगतात जड लिही. तसं नाही. सचिवांनी सभेच्या सूचनेत ‘कोरम’ पाठवला तेव्हा मी ‘गणपूर्ती’ छापली, आणि त्या शब्दावर मी आजही हटून आहे. अध्यक्ष म्हणाले, कोणाला कळणार? मी म्हटलं, ‘कोरम’ तरी कोणाला कळतो? विचारून बघा. विचारलं, तर अर्ध्या लोकांना तो चहापाण्याचा काही प्रकार वाटत होता. फरक तोच आहे. ‘लिफ्ट’ कळत होती, मी ती काढून न कळणारा शब्द घातला. ‘कोरम’ कळतच नव्हता, तिथे शिकवायचंच तर आपला शब्द शिकवायचा. ‘गणपूर्ती’त निदान माणसांचा गण पुरा व्हायचा आहे, एवढं तरी ऐकू येतं. पहिली दोन वर्षं प्रत्येक सूचनेत खाली छापत गेले: “सभा सुरू व्हायला किमान इतके सभासद हजर हवेत.” तिसऱ्या वर्षी ती ओळ काढली, कोणी विचारलं नाही. आता तेच अध्यक्ष दारात उभे राहून माणसं मोजतात आणि “गणपूर्ती झाली, बसा” म्हणतात.

1962 साली सरकारने हुद्द्यांना मराठी नावं देणारा पदनाम कोश काढला तेव्हा लोकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं होतं. सावरकरांचा ‘महापौर’ मात्र सगळ्यांच्या तोंडी बसला. मला त्याचं कारण हेच दिसतं, की ‘मेयर’ आधी सामान्य माणसाच्या रोजच्या बोलण्यात रुजलेला नव्हता. जागा मोकळी होती, तिथे शब्द बसला. उद्वाहकाला मोकळी जागाच नव्हती.

मी हट्टी आहे असं सचिव म्हणतात. म्हणू देत. मी अठरा वर्षं या दोन पानांवर रात्री जागले आहे ते लोकांनी माझं कौतुक करावं म्हणून नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी चौथीपर्यंत शिकल्या, त्या हे पत्रक स्वतः वाचतात, मुलाला वाचायला लावत नाहीत. तुझ्या ‘जलकुंभा’पाशी त्या अडल्या, हे मला परवा सभेत दिसलं. सचिवांच्या ‘वॉटर सप्लाय’पाशीही अडल्या असत्या.

तेव्हा पुढच्या अंकाचा मजकूर आला की कोश कपाटात ठेव. प्रत्येक सूचना आधी मोठ्याने वाच, मग त्या वहिनींना तोंडी सांगतोस तशी सांग, आणि जे तोंडून आलं ते लिहून काढ. त्यात अडलेले शब्द वेगळ्या कागदावर उतर. माझा अंदाज आहे, चार-पाचच्या वर निघणार नाहीत. पार्किंगचा शब्द त्यात नक्की असेल. त्याला ‘वाहनतळ’ करू नकोस, ते महापालिकेच्या मोठ्या मैदानाला शोभतं. “गाडी लावायची जागा” करून बघ आणि वाक्यात बसते का ते मला सांग.

तो कागद घेऊन शनिवारी संध्याकाळी ये. आणि पाणी भरून ठेव, रविवारी टाकी धुणार आहेत.

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरची काकू